पाळण्याची खूण

मी चार बुकं शिकलेला माणूस. ड्रायव्हर होतो, लाकडाच्या डेपोत. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही आणि बाहेर कुठं जायचं तेही कळत नाही, म्हणून लिहून राहिलो. वाचणाऱ्याला गोड लागावं असं यात काही नाही.

तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणत. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलात एका ठेकेदाराचा सागाचा डेपो होता. डेपोवर मॅनेजर साहेबांचा बंगला, बंगल्यामागं आमची खोली. साहेबांची जीप मी चालवायचो. लढाईतली जुनी जीप, लिलावात घेतलेली. माझी बायको बंगल्याचं घर सांभाळायची. त्या घरात आमच्या गावानं कधी न पाहिलेल्या वस्तू होत्या. घासलेटवर चालणारा फ्रीज, दोन ग्यासबत्त्या, पितळी स्टोव्ह, आणि साहेबांच्या बाईसाहेबांची शिलाई मशीन. बाईसाहेब नागपूरलाच राहायच्या, मशीन मात्र इथं.

साहेब हिशेबी माणूस. नागपूरच्या दुकानातून लक्ष्मीच्या चित्राचं एक कॅलेंडर आलं. ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ठोकलं आणि वर्षभराची कामं त्यावर रंगीत पेन्सिलीनं मांडली. बायकोला अक्षर येत नव्हतं, म्हणून चित्रं काढली. थेंब म्हणजे इंजिनाचं तेल बदलायचं. पिचकारी म्हणजे ग्रीस मारायचं. आडवी पेटी म्हणजे बॅटरीत पाणी पाहायचं, ती दर रविवारी. गोल म्हणजे चाकं खोलून बेअरिंग धुवायची, नवं ग्रीस भरायचं. ज्योत काढली की फ्रीजची वात कापायची आणि वरच्या नळीतली काजळी काढायची. सुई म्हणजे मशीनला तेलाचे थेंब. ग्यासबत्तीसाठी नुसता कंदील काढला होता, त्याच्या पंपाच्या चामड्याला तेल द्यायचं आणि तोंडातलं भोक तारेनं साफ करायचं.

जीपचं काम दिवसांवर नसतं, मैलांवर असतं. साहेबांनी तेही समजावलं. "मैल आधी भरले तर मैलावर कर. दिवस आधी भरले तर दिवसावर कर. दोन्हीची वाट पाहायची नाही." मीटरपुढं पत्र्याचा तुकडा होता, त्यावर मी खडूनं पुढच्या ग्रीसचा आकडा लिहून ठेवायचो. आणि पाण्यातून गाडी काढली तर मैलही पाहायचे नाहीत, दिवसही नाहीत. परत आल्यावर पहिले खालचं ग्रीस. पाणी आत शिरलं की ग्रीस पांढरं होते, ताकासारखं. त्यानंतर बेअरिंग गंजते.

हे सगळं लक्षात ठेवायचं काम बायकोचं होतं. साहेबांनी तिला घरातल्याच वस्तूंचं दिलं होतं, गाडीचं तिनंच घेतलं. आदल्या दिवशी ती माझी हत्यारांची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवायची, बरोबर माझ्या डोक्याला लागेल अशी. लागली की मी बोंबलायचो.

"काऊन वो, डोकं फोडते का माह्यं?"

"उद्या ग्रीसचा दिवस हाय. फुटलं तं ध्यानात राहीन."

फ्रीजची तिला सगळ्यात जास्त काळजी. ज्योत निळी पाहिजे. पिवळी झाली की ती धावत यायची, जसं घरात साप निघाला. पिवळी ज्योत धूर करते, धुरानं नळी भरते, मग आत गार होत नाही. ती रोज वाकून, गाल जमिनीला लावून ज्योत पाहायची. पोट वाढलं तरी पाहायची.

हो, तिला दिवस गेले होते. आधीची दोन आमच्या गावी गेली होती, एक जन्मताच, एक पोटात. या वेळी साहेबांनी स्वतःहून सांगितलं की बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात करायचं, जीप आहे, ड्रायव्हर घरचाच आहे.  साहेब गेल्यावर तिनं त्यांची लाल पेन्सिल घेतली आणि मला म्हणाली, "इथी काढा." कार्तिकातला एक दिवस दाखवला. मी पाळणा काढला. पाळणा कमी आणि धान्याची ढोली जास्त दिसत होती. ती म्हणाली, "असू द्या. मले समजते."

मग त्या कॅलेंडरावर तेल, ग्रीस, वात, बॅटरी आणि आमचं मूल एका ओळीत आलं. ती रोज सकाळी आधी तिथं उभी राहायची. कोणती खूण जवळ आली ते बोटानं मोजायची. पाळण्यापर्यंत बोट नेऊन परत आणायची.

त्या वर्षी पाऊस लांबला. नाले उतरेनात. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या बुटक्या पुलावरून, पाणी असताना मला जीप काढावी लागली, एकदा नाही, पुष्कळ वेळा. ग्रीस मारत होतो. तरी भादव्याच्या शेवटी डाव्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. घूं घूं. वेग वाढवला की वाढायचा, उजवीकडं वळवलं की डाव्या चाकावर भार यायचा आणि आणखी मोठा व्हायचा. बायको एकदा बाजाराला सोबत आली होती. तिनंच पहिले ऐकला.

"चाक रडून राह्यलं."

"गोलाची खूण दसऱ्यानंतर हाय," मी म्हटलं.

"खूण वाट पाहीन. चाक नाई पाहणार." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्याच गाडीत मले जायचं हाय नं. खोला."

मी खोलणारच होतो. पण डेपोत ग्रीस संपलं होतं, वडशाहून यायचं होतं. बैलगाडीवाला चिखलात अडकला. ग्रीसचा डबा आला तो अष्टमीच्या दुपारी. साहेब दसऱ्यासाठी नागपूरला गेले होते. मी जॅक लावला, दगड ठेवले, चाक काढलं, हब काढला, म्हणजे चाकामागचा लोखंडी तुंबा. आतलं ग्रीस ताकच झालं होतं. बेअरिंगच्या एका दाण्यावर खड्डे पडले होते. नवं बेअरिंग शिल्लक होतं, ते घासलेटमध्ये घातलं, कारण डब्यात पडून पडून त्याच्यावर जुनं घट्ट तेल बसलं होतं. अंधार पडला. उद्या सकाळी ग्रीस भरून बसवतो म्हटलं आणि उठलो.

बायको दारात उभी होती. मी म्हटलं, "उद्या होते सारं." ती हो म्हणाली. त्या आठवड्यात ती अशीच होती, हो म्हणायची आणि गप्प. जेवण कमी झालं होतं. फ्रीजपुढं वाकायची ती आता बसून राहायची, वाकून उठताना दम लागतो म्हणून असेल असं मला वाटलं. पोटावर हात ठेवायची तिची सवय होती, तो हात आता पोटावर नसायचा. हे मला आज आठवते. तेव्हा मी हबमध्ये गुंतलेलो.

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यार देवापुढं ठेवतात. कुऱ्हाड, आरी, विळा, नांगराचा फाळ, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उचलायचं नाही. काम करायचं नाही. डेपोत हे सगळं बुढा चौकीदार पाहायचा. सगळे त्याला बाबाजी म्हणत. आरीवाले, गाडीवाले, हमाल, सगळ्यांची हत्यारं तो पहाटेच गोळा करून बंगल्याच्या ओट्यावर नवरात्रात बसवलेल्या देवीपुढं मांडायचा. मी उठलो तोवर माझ्या पिशवीतले पाने, हातोडा, पकड सगळं ओट्यावर होतं, कुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. हबचा मोठा पानाही त्यातच.

"बाबाजी, हे काय केलं? माही गाडी खोलून पडली हाय."

"पडू दे एक दिवस. तिलेबी आराम होते. डायवर भाऊ, वर्षाची एक नवमी. आज लोखंडाले हात नाई लावायचा."

त्यानं जीपच्या नाकाला हार घातला होता. तीन चाकांवर उभी, चौथ्या जागी दगड, आणि नाकाला हार. मला ते बरं नाही वाटलं. शिलाई मशीनला कुंकू लावलं, ग्यासबत्त्यांना लावलं. मग फ्रीजपुढं येऊन उभा राहिला.

"बाई, इचीबी ज्योत इझव आजच्या दिवस. यंत्र हाय, तिलेबी सुट्टी."

बायको म्हणाली, "इझवतो म्हणा. मंग सायबाच्या लोण्याचं पाणी होईन ते तुमी पेजेत टाकून प्या."

"देवीचं काम हाय बाई, हसू नोको."

"मी कुठी हसून राह्यली?"

ती खरंच हसत नव्हती. तिचं तोंड मातीसारखं झालं होतं. ज्योत काही विझवली नाही. बाबाजी पुटपुटत गेला.

ऊन वर आलं आणि तिनं मला खोलीतून हाक मारली. ती खाली बसली होती, भिंतीला टेकून. कळा सुरू झाल्या होत्या. लुगड्याला रक्त लागलं होतं. ती म्हणाली, "लवकर हाय हे. पाळणा लय पुढं हाय."

डेपोत दुसरी गाडी नव्हती. ट्रक सणासाठी सगळे बाहेर गेलेले. बैलगाडीनं त्या चिखलातून तालुक्याला जायला रात्र झाली असती. आधीची दोन बाळंतपणं मी पाहिली होती. गावातल्या सुईणीनं दुसऱ्या वेळी मला सांगितलं होतं, पुन्हा रक्त आधी आलं तर हिला माझ्याकडं आणू नको.

मी ओट्यावर गेलो. बाबाजी आडवा आला. म्हातारा माणूस, माझ्या छातीपर्यंतही नव्हता, पण हात पसरून उभा राहिला.

"भाऊ, नाई. नवमीचं हत्यार उचललं तं घरात एक जाते. मी पाह्यलं हाय. माह्या भावाच्या घरी पाह्यलं."

"तिकडे ती मरून राह्यली!"

"म्हणूनच सांगतो. आज तं नाईच नाई. तिच्यावर येईन."

तो खोटं बोलत नव्हता. भीत होता, आणि तिच्यासाठी भीत होता. आरीवाल्यांपैकी दोघं येऊन उभे राहिले.  त्या हबच्या पान्याशिवाय चाक बसत नाही. आत आट्यांच्या दोन मोठ्या चकत्या असतात, त्या पकडीनं आवळत नाहीत. मी म्हाताऱ्याला बाजूला करू शकत होतो. पण माझेही हात थिजले होते, तिच्यावर येईन म्हटल्यामुळं.

मागून ती आली. भिंतीला धरून धरून आली. बाबाजीनं तिला पाहिलं आणि आपोआप मागं सरला, अशा अवस्थेतल्या बाईला कोण अडवते. तिनं देवीला हात जोडले. फुलं बाजूला केली, पाना उचलला, माझ्या हातात दिला.

"मी उचलला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यानं नाई. जे घ्यायचं ते माह्याकडून घेईन ती." मग देवीकडं वळून म्हणाली, "सांजेले वापस ठेवतो वो माय."

मी घासलेटमधून बेअरिंग काढून पुसलं. तळहातावर ग्रीस घेऊन दाण्यांच्या मधे दाबून भरलं. हे काम घाईत केलं तर आत कोरडं राहते आणि वीस मैलांत जळते. म्हणून घाई केली नाही. ब्रेकच्या पट्ट्यांना बोट लागू दिलं नाही. हब चढवला, आतली चकती चाक जड फिरेपर्यंत आवळली, मग थोडीशी मागं सोडली, चाक हलकं फिरलं, डुगलं नाही. मधली पातळ वायसर घातली, बाहेरची चकती आवळली, वायसरची कड ठोकून दुमडली. ती ओट्यावर बसून पाहत होती. कळ आली की डोळे मिटायची, गेली की परत माझ्या हाताकडं. एकदा विचारलं, "कड दुमडली?" दुमडली म्हटलं.

बाबाजीनंच तिला जीपमध्ये बसायला हात दिला. त्याच्या हातावर माझ्या ग्रीसचे डाग लागले. तो ते डाग पाहत राहिला, पुसेना.

रस्ताभर चाकाचा आवाज आला नाही. मी कान देऊन होतो. एकदाही घूं झालं नाही. रपट्यावर पाणी होतं, गुडघ्याच्या खाली, तांबडं, जोराचं. मी पहिल्या गेअरमध्ये घातली आणि सोडली नाही. मधोमध ती म्हणाली, "चाक चांगलं झालं." मी म्हटलं, "पोराले सांग, बापानं केलं."  मी वळून पाहिलं. ती पाण्याकडं पाहत होती. दोन्ही हातांनी सीटचा लोखंडी दांडा धरला होता. पोटावर हात नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तिला आत नेलं. मी बाहेर जीपजवळ उभा राहिलो आणि हात लावून पाहिला, हब कोमट होता. जळत नव्हता. सगळं बरोबर होतं. मला वाटलं, झालं. वेळेवर आणलं. काम नीट केलं. आता देवी काय करते ते पाहू.

सांज झाली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी होती, म्हणाल्या. मेलेली. बायको वाचेल, रक्त फार गेलं आहे, पण वाचेल. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती पण गेली असती.

मी म्हटलं, "आज हत्यार उचललं आमी." माझ्या तोंडून तेच निघालं.

त्यांना समजलं नाही. त्या म्हणाल्या, "आजचं नाही हे. मूल काही दिवसांपूर्वीच गेलेलं आहे. अंगावरून कळतं. हालचाल थांबली तेव्हाच का नाही आणलं?"

तेव्हा मला कळलं की हालचाल थांबली होती.

मला आत जाऊ दिलं. ती जागी होती. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तेच विचारलं, रागानं नाही, साधंच. तिनं उत्तर दिलं ते मी ऐकलं. "वाटलं झोपलं असन. खूण पुढं होती नं, बाई. दिवस बाकी होते."

मागच्या दोन वेळी तिनं घाबरून घाबरून दिवस काढले होते. या वेळी भिंतीवर दिवस लिहिलेला होता. साहेबांच्या खुणा कधी चुकल्या नव्हत्या. तिनं त्या पाळण्यावर भरवसा ठेवला होता. फ्रीजची ज्योत थोडी पिवळी झाली तर धावणारी बाई, पोटातलं थांबलं तर खुणेकडं बोट नेऊन परत आणत होती.

काही दिवसांनी तिला परत आणलं. डेपोतली माणसं खाली पाहत होती. बाबाजी दारात आला, आत नाही आला. "मी म्हटलं होतं" असं त्यानं ऐकवलं नाही. पण सगळ्यांच्या मनात तेच होतं, नवमीला उचललं आणि एक गेलं. मी त्याला सांगितलं, "बाबाजी, आधीच गेलं होतं. पाना उचलाच्या आधी." तो मग म्हणाला, "मंग कोणी नेलं?"  मला वाटते, देवीनं नेलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. मलाही.

त्या रात्रीच्या जेवणाला बायको उठली. पहिले फ्रीजपुढं बसली, ज्योत पाहिली. मग कॅलेंडरापुढं उभी राहिली. पाळणा अजून यायचा होता. तिनं तो खोडला नाही, मीही नाही. मला म्हणाली, "चाकाचा आवाज तुमालेबी आला. माहा काऊन नाई आला?"

मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, "चाक बोलते. तू बोलली नाईस."

ती रडेल असं वाटलं, रडली नाही. मान हलवली, जसं कोणी काम समजावून सांगितलं आणि समजलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली. सकाळी उठली की सांगायची, डोकं जड आहे. दुपारी सांगायची, डावा पाय मुंग्या आल्यासारखा झाला. बोटात काटा गेला तरी सांगायची. पुढं दोन पोरं झाली. त्या वेळी कॅलेंडरावर काही काढू दिलं नाही, पण पोटातलं जरा सुस्त वाटलं की मध्यरात्री मला हलवून उठवायची, आणि मी काही न बोलता जीप काढायचो. नंतर पोरांची लग्नं झाली, डेपो गेला, जीप भंगारात गेली, तरी ती सांगतच राहिली. सुना हसायच्या, म्हणायच्या सासूबाईंचं रोजचं गाऱ्हाणं. त्यांना काय माहीत. मीही कधी कधी वैतागायचो, म्हणायचो, आता पुरे. ती थांबायची नाही. कंबर, गुडघा, दात, छातीत कळ. छातीतली कळही तिनं वेळेवर सांगितली, आणि मी वेळेवर नेलं, आणि तरी ती गेली. कोणी उशीर केला नाही.

आता पहाटे उठून मी बाजेवर बसतो आणि वाट पाहतो. घरात कोणाचं काही दुखत नाही.